सायलेंटवर असलेल्या फोनने हप्त्याचा संदेश भर बैठकीत वाचून दाखवला, तो कसा?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. प्रसंग थोडा लाजिरवाणा आहे, परंतु कोडे सुटत नसल्यामुळे सविस्तर लिहितो.

रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. कापणीच्या दिवशी घड उतरवताना दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने माखलेले असतात. हा चीक कपड्याला लागला तर काळा डाग कायमचा बसतो आणि फोनच्या काचेला लागला तर बोटाचा स्पर्शही नीट उमटत नाही. त्यातच ट्रकवाला, व्यापारी आणि मजुरांचा मुकादम असे तिघांचे फोन एकापाठोपाठ येत राहतात. कोणाचा फोन उचलण्यासाठी हात धुवायला जावे आणि कोणाचा वाजू द्यावा, हे कळावे म्हणून मी फोनला नाव मोठ्याने सांगायला लावले. पुढे व्यापाऱ्याचा भावही संदेशाने येऊ लागला, तेव्हा संदेश वाचून दाखवण्याचीही सोय करून घेतली. दोन हंगाम ही सोय उत्तम चालली.

गेल्या आठवड्यात पारोळ्याजवळच्या गावी मावसकाकांच्या गंधमुक्तीला गेलो होतो. मंडपात पन्नास-साठ माणसे शांत बसली होती. मी फोन सायलेंटवर टाकून खिशात ठेवला होता. अचानक खिशातून बाईच्या स्पष्ट आवाजात पतसंस्थेचे नाव, माझ्या कर्जखात्याचे शेवटचे आकडे आणि ‘आपला हप्ता थकीत आहे’ हे वाक्य रकमेसह सगळ्यांना ऐकू गेले. खिशातून फोन काढेपर्यंत संदेश पूर्ण वाचून झाला होता. मागे बसलेल्या एका वृद्ध आप्तांनी अहिराणीत शेजाऱ्याला विचारले, ‘कोना हप्ता शे रे हाऊ?’ त्यानंतर जेवणाच्या पंगतीपर्यंत मी कोणाकडे मान वर करून पाहिले नाही.

माझा प्रश्न असा आहे की मी तीन गोष्टींची काळजी आधीच घेतली होती. फोन सायलेंटवर होता. फोनच्या सेटिंगमध्ये नाव सांगणे फक्त हेडसेट जोडलेला असतानाच व्हावे, असे निवडलेले होते. शिवाय लॉक असताना पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू नये, हीसुद्धा सोय चालू होती. मग फोन बोलला कसा? फोन अँड्रॉइड १४ चा आहे.

---

तापीकाठ_चोपडा

तुमचा फोन सायलेंटवर नव्हता, व्हायब्रेटवर असावा, एवढेच त्याचे कारण दिसते. पुढच्या वेळी ‘Do Not Disturb’ चालू करावे, म्हणजे कोणताही आवाज होणार नाही. मी स्वतः रोज रात्री तेच करतो आणि आजवर एकही फोन मला उठवू शकलेला नाही.

---

किराणा_नंदुरबार

हा त्रास मलाही फार आहे. माझ्या दुकानातला यूपीआयचा बोलणारा डबा प्रत्येक गिऱ्हाइकाची जमा झालेली रक्कम ओरडून सांगतो. परवा एकाने जुन्या उधारीचे पैसे एकदम पाठवले, तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना त्याची उधारी किती होती ते कळले. त्याचा आवाज कमी करण्याचे बटण मागच्या बाजूला आहे, ते रावेरकरांनी पाहावे.

---

जंक्शन_भुसावळ

नंदुरबारकर, आपला डबा ही वेगळी वस्तू आहे. त्याला फक्त जमा झालेली रक्कम बोलता येते आणि तो फोनमधले संदेश वाचत नाही. रावेरकरांचा प्रश्न फोनमधल्या आवाजाचा आहे, त्यामुळे येथे मागच्या बटणाचा उपयोग नाही.

रावेरकर, मी वीस वर्षे फोन दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, म्हणून उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारतो. पहिली, संदेश वाचून दाखवण्याची सोय आपण नेमकी कोठून चालू केली? फोनबरोबर आलेले गूगलचे फोन ॲप केवळ फोन करणाऱ्याचे नाव सांगते. पतसंस्थेचा लेखी संदेश वाचणे हे त्याचे काम नाही. म्हणजे आपल्या फोनमध्ये दुसरा कोणीतरी बोलणारा आहे. दुसरी, कापणीच्या वेळी फोन आला की नाव एकदा ऐकू येत होते की दोनदा? तिसरी, सायलेंट करताना आपण बाजूच्या बटणाने फक्त रिंगचा आवाज घालवला होता की आवाजाच्या सगळ्या पट्ट्या खाली आणल्या होत्या?

शक्य असेल तर घरी एक चाचणी करून पाहा. फोन सायलेंटवर ठेवा, परंतु ‘Media’ ची पट्टी निम्म्यावर असू द्या. घरातल्या दुसऱ्या फोनवरून ‘चाचणी एक दोन’ एवढाच संदेश पाठवा. मग ‘Media’ ची पट्टी शून्यावर आणून तोच संदेश पुन्हा पाठवा. दोन्ही वेळा काय झाले ते येथे लिहा.

---

केळीबाग_रावेर

आपण विचारलेला दुसरा प्रश्न वाचून मी चकित झालो, कारण नाव खरोखरच दोनदा ऐकू येत असे. एकदा इंग्रजी वळणाचा उच्चार असलेल्या आवाजात आणि पाठोपाठ मराठी आवाजात. ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीत मला तो प्रतिध्वनी वाटत होता. बोलणारे दोन असतील, असे कधी मनात आले नाही. गेल्या उन्हाळ्यात मी हेडसेटची निवड केली, तेव्हापासून पहिला आवाज बंद झाला आणि दुसरा चालूच राहिला. नाव ऐकू येत होते, त्यामुळे निवड लागू झाली आहे की नाही, हे तपासून पाहण्याचे सुचलेच नाही.

संदेश वाचणारे ॲप एका मित्राने व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून पाठवले होते. ते बसवताना परवानगीच्या ठिकाणी ‘Restricted setting’ अशी सूचना आली आणि पुढे जाता येईना. मित्राने फोनवर सांगितले, त्याप्रमाणे ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन टिंबांत जाऊन ‘Allow restricted settings’ केले आणि मग ते चालू झाले. त्या वेळी कापणी दोन दिवसांवर होती, म्हणून फार विचार केला नाही.

चाचणी रात्री धाकट्या भावाच्या फोनवरून केली. सायलेंट असताना ‘Media’ ची पट्टी निम्म्यावर होती, तेव्हा फोनने ‘चाचणी एक दोन’ भावाच्या नावासकट वाचले. पट्टी शून्यावर आणल्यावर तो गप्प राहिला. गंधमुक्तीला जाताना मी गाडीत बसून फोनवर कीर्तन ऐकले होते, त्यामुळे ती पट्टी बरीच वर असणार.

---

जंक्शन_भुसावळ

आता चित्र स्पष्ट झाले. आपल्या तिन्ही खबरदाऱ्या आपापल्या जागी बरोबर होत्या, परंतु त्यांतली एकही या दुसऱ्या बोलणाऱ्याला लागू होत नव्हती.

सायलेंटपासून सुरुवात करू. फोनमध्ये आवाज एकच नसतो. रिंगचा, गजराचा, संभाषणाचा आणि गाणी-व्हिडिओचा असे वेगवेगळे प्रवाह असतात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. सायलेंट केल्याने रिंग आणि सूचनांचा आवाज जातो, परंतु गाण्यांचा प्रवाह तसाच राहतो, म्हणून सायलेंट फोनवरही व्हिडिओ ऐकू येतो. मजकूर वाचून दाखवणारे यंत्रही ॲप बनवणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर गाण्यांच्याच प्रवाहातून बोलते. आपल्या मित्राने पाठवलेल्या ॲपच्या कर्त्याने तेवढी काळजी घेतलेली दिसत नाही. थोडक्यात, आपला फोन ज्या आवाजात कीर्तन ऐकवत होता, त्याच आवाजात त्याने हप्ता ऐकवला.

चोपडेकरांच्या उपायातही हाच अडथळा आहे. ‘Do Not Disturb’ मुळे रिंग थांबते, ही गोष्ट खरी आहे. परंतु बहुतेक फोनांत त्याच्या आत गाणी-व्हिडिओला मुभा दिलेली असते आणि ती आपण स्वतः काढावी लागते. त्यांना रात्री कोणी उठवले नाही, याचे कारण त्यांच्या फोनमध्ये असा दुसरा बोलणारा नाही.

हेडसेटची अट आपण गूगलच्या फोन ॲपमध्ये घातली. तेथे ‘Caller ID announcement’ खाली ‘Always’, ‘Only when using a headset’ आणि ‘Never’ अशा तीन निवडी असतात आणि त्या केवळ त्याच ॲपच्या बोलण्याला बांधलेल्या असतात. एका व्यापाऱ्याला ताकीद दिली म्हणून दुसऱ्याने ती पाळावी, अशी अपेक्षा धरण्यासारखे ते झाले.

तिसरी खबरदारी सर्वांत फसवी आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. लॉक असताना पडद्यावर मजकूर लपवण्याची सोय फक्त पडद्यासाठी आहे. संदेश आला की त्याची सूचना पूर्ण मजकुरासह तयार होते आणि पडद्यावर दाखवताना फोन तिच्यावर पडदा ओढतो. ज्या ॲपला सूचना वाचण्याची परवानगी दिलेली असते, त्याला ही सूचना पडद्याच्या आतल्या बाजूने, जशी आहे तशी मिळते. म्हणून डोळ्यांना ‘मजकूर लपवला आहे’ असे दिसत असतानाच कानाला सगळा मजकूर ऐकू येतो. लॉक असल्यामुळे आपण निर्धास्त राहतो आणि लॉक असतानाच फोन खिशात असतो.

ही परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते पाहण्यासाठी सेटिंगमध्ये ‘Apps’, त्यात ‘Special app access’ आणि त्यात ‘Notification read, reply & control’ उघडावे. काही कंपन्यांच्या फोनांत शब्द थोडे वेगळे असतात, अशा वेळी सेटिंगच्या शोधपट्टीत ‘notification access’ लिहिले तरी ते पान सापडते. मनगटी घड्याळाचे ॲप तेथे दिसले तर घाबरू नये, कारण घड्याळावर संदेश दिसायला तीच परवानगी लागते. परंतु ज्याचे नाव ओळखीचे नाही, ते तेथे असू नये. दुकानात मी संगणकाला फोन जोडून हीच यादी अशी पाहतो:

```
adb shell settings get secure enabled_notification_listeners
```

उत्तरात परवानगी असलेल्या ॲपांची नावे ‘:’ या चिन्हाने जोडून येतात. घरी याची गरज नाही, सेटिंगचे पान पुरते.

---

तापीकाठ_चोपडा

‘Do Not Disturb’ बद्दलची माझी समजूत अपुरी होती, हे मान्य करतो. सेटिंग उघडून पाहिले, तर गाण्यांना मुभा दिलेली निघाली. परंतु रावेरकरांनी फोन अँड्रॉइड १५ वर नेला तर हा प्रश्न मुळातच संपतो ना? त्यात अशा ॲपांना संवेदनशील मजकूर दिला जात नाही, असे मी वाचले आहे.

---

जंक्शन_भुसावळ

आपण वाचलेले खरे आहे, परंतु त्याची व्याप्ती आपण समजता तेवढी नाही. अँड्रॉइड १५ मध्ये भरवशाच्या नसलेल्या ॲपांपासून मुख्यतः ओटीपी असलेल्या सूचनांचा मजकूर झाकला जातो. हप्ता थकला, दवाखान्याचा अहवाल आला, मुलीकडच्यांनी स्थळाला नकार कळवला, हे फोनच्या दृष्टीने साधे संदेश आहेत. ते अँड्रॉइड १५ मध्येही वाचले जातील.

रावेरकरांचा फोन १४ चा आहे. म्हणजे दोन हंगाम त्या ॲपच्या हाती ओटीपीसुद्धा येत होते. ते केवळ मोठ्याने वाचत होते की आणखी कोठे पाठवत होते, हे बाहेरून सांगता येणार नाही. ‘Restricted setting’ ही अडचण फोनने नेमकी यासाठीच घातलेली असते. प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेल्या फाइलला अँड्रॉइड १३ पासून ही परवानगी सरळ मिळत नाही. माझा सल्ला असा की ॲप नुसते बंद न करता आधी त्याची परवानगी काढावी, मग ते काढून टाकावे आणि बँकेच्या ॲपचा पासवर्ड व यूपीआयचा पिन बदलावा.

---

पांझराकाठ_धुळे

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि माझा सगळा फोन बोलूनच चालतो, म्हणून या चर्चेत एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. येथे ‘बोलणारा फोन म्हणजे धोका’ असा सूर लागू लागला आहे. माझ्यासाठी न बोलणारा फोन म्हणजे काचेचा तुकडा आहे.

मी फोनबरोबर येणारे टॉकबॅक वापरतो. ते पडद्यावर जे असते ते वाचते, आणि त्यासाठी मला कोणाच्या फाइलची गरज पडत नाही. माझी पद्धत अशी आहे की बाहेर पडताना एका कानात तारेचा इअरफोन असतो आणि दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा असतो. ब्लूटूथचा इअरफोन मी बाहेर वापरत नाही. त्याची बॅटरी संपली की आवाज काहीही न विचारता फोनच्या स्पीकरवर येतो. धुळे बसस्थानकावर माझ्या बाबतीत असे एकदा झाले. मी गाडीची वाट पाहत उभा होतो आणि माझ्या बहिणीने पाठवलेला घरगुती भांडणाचा संपूर्ण संदेश फलाटावरच्या लोकांनी माझ्याबरोबर ऐकला. तारेचा इअरफोनही ओढला गेला तर निघतो, परंतु तो निघाल्याचे कानाला तत्काळ कळते.

म्हणून ‘फक्त हेडसेट असताना’ या निवडीवर कोणीही पूर्ण विसंबू नये. आवाज कोठून निघणार, हे जोडलेल्या वस्तूवर ठरते. चारचाकीचा ब्लूटूथ जोडलेला असेल तर आवाज गाडीच्या स्पीकरमधून निघेल आणि मागे सासरची मंडळी बसली असतील तर तीही ऐकतील.

---

खापर_अमळनेर

मी मांड्यांच्या ऑर्डरी घेते. ज्यांनी कोणाला मांडे करताना पाहिले आहे, त्यांना माझी अडचण समजेल. पुरण भरलेला गोळा हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायचा, या मधल्या अर्ध्या मिनिटात फोन तर सोडाच, डोळ्यावर आलेला केसही बाजूला करता येत नाही. त्यामुळे फोन करणाऱ्याचे नाव सांगण्याची सोय मी ‘Always’ वर ठेवली आहे आणि ती मला हवीच आहे. संदेश वाचण्याची सोय मी कधी घेतली नाही.

तरीही माझी फजिती झाली, आणि ती नुसत्या नावामुळे झाली. ओळखायला सोपे जावे म्हणून मी गिऱ्हाइकांची नावे ‘उधारी दगडी दरवाजा’, ‘घासाघीस वाडी’ अशी साठवत असे. एके दिवशी खापराजवळ एक बाई ऑर्डर न्यायला उभ्या होत्या आणि त्यांच्याच जावेचा फोन आला. फोनने मोठ्या सुरात ‘घासाघीस वाडी’ असे दोनदा सांगितले. बाईंनी पडद्यावर नंबर पाहिला, जावेचा नंबर ओळखला आणि काही न बोलता मांडे घेऊन गेल्या. जाऊबाईंची ऑर्डर त्यानंतर आली नाही.

त्या रात्री बसून मी साठवलेली दीडेकशे नावे बदलली. आता फक्त नाव आणि गाव असते. उधारी वहीत लिहिते. आणखी एक गोष्ट लक्षात आली, की इंग्रजी अक्षरांत साठवलेली नावे फोन काहीच्या बाही उच्चारत असे. माझ्या फोनमध्ये देवनागरीत साठवलेले नाव मराठी आवाजात स्वच्छ येते.

---

जंक्शन_भुसावळ

अमळनेरच्या ताईंनी सांगितलेली गोष्ट मी दुकानात वारंवार पाहतो. डॉक्टरचे नाव ‘शुगरवाले डॉक्टर’ असे साठवलेले असते, वसुलीच्या माणसाचे नाव ‘उचलू नको’ असे असते. पडद्यावर ही नावे फक्त आपल्यासाठी असतात, पण फोन बोलू लागला की ती चारचौघांची होतात.

उच्चाराबद्दल एक पुरवणी देतो. देवनागरी नाव नीट ऐकू येण्यासाठी ‘Text-to-speech output’ मध्ये मराठी आवाज उतरवलेला असावा लागतो. तो नसेल तर काही फोन देवनागरी नाव गिळून टाकतात आणि केवळ फोन आल्याचे सांगतात.

---

गिरणा_जळगाव

माझ्याकडे आयफोन आहे. त्यात फोनच्या सेटिंगमध्ये ‘Announce Calls’ खाली ‘Headphones & Car’ आणि ‘Headphones Only’ अशा दोन निवडी स्वतंत्र दिल्या आहेत, त्यामुळे धुळेकरांनी सांगितलेला चारचाकीचा प्रश्न वेगळा करता येतो. मी दुसरी निवड ठेवली आहे. संदेश वाचण्याची सोय सिरीच्या सेटिंगमध्ये वेगळी असते आणि तेथे कोणत्या ॲपच्या सूचना वाचायच्या, ते एकेक करून ठरवता येते. मी फक्त घरच्यांचे संदेश येतात ते ॲप चालू ठेवले आहे.

---

पांझराकाठ_धुळे

एक मुद्दा अजून कोणी मांडला नाही. आपण सगळे ज्याचा फोन बोलतो, त्याच्या अब्रूबद्दल बोलत आहोत. माझ्या बहिणीने तो संदेश मला लिहिला होता, फलाटाला नव्हे. लिहिणाऱ्याला वाटत असते की समोरचा वाचणार आहे. आपला संदेश मोठ्याने वाचला जाईल, हे त्याला माहीत नसते. म्हणून मी जवळच्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे की खासगी गोष्ट असेल तर आधी नुसते ‘बोलायचे आहे’ एवढेच लिहावे. इतरांनीही असे सांगून ठेवावे, असे मला वाटते.

---

तापीकाठ_चोपडा

मला हे पटत नाही. माझा फोन मी कसा वापरतो, हे प्रत्येकाला कळवत बसणे व्यवहारात शक्य नाही. आपण मला व्यक्तीचे उदाहरण दिलेत, परंतु रावेरकरांच्या बाबतीत संदेश पतसंस्थेचा होता. चूक असेलच तर खात्याचे आकडे आणि रक्कम उघड लिहिणाऱ्याची आहे. ‘आपल्या खात्याबाबत शाखेशी संपर्क साधावा’ एवढे लिहिले असते तर मंडपात कोणाला काय कळले असते?

---

पांझराकाठ_धुळे

रक्कम न लिहिता संदेश आला तर तो खरा की फसवणुकीचा, हे मला कसे कळणार? डोळस माणूस पासबुक उघडून पाहील. मला त्या संदेशातल्या आकड्यांवरूनच पडताळणी करावी लागते. त्यामुळे मजकूर कमी करणे हा माझ्यासाठी उपाय नाही. येथे आपले मत जुळणार नाही असे दिसते.

---

जंक्शन_भुसावळ

या वादात मी पडत नाही, परंतु मजकूर उगमापाशीच झाकण्याची एक सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, ती सांगतो. ॲपला बोटाच्या ठशाचे कुलूप लावले की त्याच पानावर ‘Show content in notifications’ अशी निवड दिसते. ती बंद केली तर सूचनेतच मजकूर येत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याच्या हाती ‘नवीन संदेश’ एवढेच लागते. लॉकवरच्या पडद्यात आणि यात हाच फरक आहे. मात्र पतसंस्थेचा संदेश साध्या एसएमएसने येतो, त्यावर या कुलपाचा उपयोग नाही.

---

केळीबाग_रावेर

सर्वांचे आभार. परवा काय केले आणि काल कापणीत काय घडले, ते सांगतो.

‘Notification read, reply & control’ चे पान उघडले, तर तेथे घड्याळाच्या ॲपखाली मित्राने दिलेले ॲप होते. परवानगी काढली, ॲप काढले, पिन आणि पासवर्ड बदलले. त्यानंतर भावाने तीच चाचणी पुन्हा केली. सायलेंट असताना ‘Media’ ची पट्टी पूर्ण वर ठेवूनही फोन गप्प राहिला. मित्राला कळवले, तेव्हा त्याच्या फोनमध्येही तेच निघाले. त्याला ती फाइल कोणी दिली, हे त्याला आठवत नाही.

नाव सांगण्याची सोय हेडसेटवर ठेवून तारेचा इअरफोन एका कानात घातला. सकाळी दहापर्यंत ठीक चालले. मग खांद्यावर घड घेताना तार पानाच्या देठात अडकून दोनदा निघाली, आणि दुसऱ्यांदा तिला चीक लागला. तेव्हापासून ती कानाला चिकटते. दुपारनंतर अमळनेरच्या ताईंप्रमाणे ‘Always’ केले आणि फोन बांधावर क्रेटवर ठेवला. ‘मुकादम’ आणि ‘ट्रक’ ही नावे मजुरांनी ऐकली तरी हरकत नसते. संध्याकाळी पुन्हा हेडसेटवर आणण्याची आठवण राहावी म्हणून रोज सातचा गजर लावला आहे.

केळीच्या भावाच्या संदेशाचे मात्र जमलेले नाही. व्यापाऱ्याला विनंती केली की भाव लिहू नये, फोन करावा. तो म्हणाला की सकाळी चाळीस शेतकऱ्यांना एकच संदेश जातो, एकेकाला फोन करणे त्याला परवडणार नाही. काल त्याचा भाव आला, तेव्हा मी चिकाच्या हातांनी उभा होतो आणि फोन गप्प होता. हात धुऊन पाहीपर्यंत ट्रक काट्यावर गेला होता. फक्त एकाच माणसाचा संदेश वाचला जावा आणि बाकी कोणाचा नको, अशी सोय अँड्रॉइड १४ मध्ये बाहेरच्या फाइलशिवाय कोणी करून पाहिली आहे का?

---

जंक्शन_भुसावळ

वाचून दाखवण्याची नाही, परंतु जवळची एक युक्ती आहे. व्यापारी प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवत असेल तर त्याच्या चॅटला वेगळा सूचनेचा आवाज लावता येतो. भाव ऐकू येणार नाही, पण तो आल्याचे कळेल आणि हात धुवायला जावे की नाही, ते ठरवता येईल. तो आवाज सायलेंटमध्ये मात्र वाजणार नाही.

---

केळीबाग_रावेर

मंडपात तेच हवे आहे. सोमवारी पुढच्या वाफ्याची कापणी आहे, तेव्हा लावून पाहतो. गटाचा एकच संदेश असेल तर पूर्ण गटाला आवाज लावावा लागेल, आणि त्या गटात सकाळी सुप्रभातचे चाळीस फोटो येतात, त्याचे काय करावे, हे मात्र अजून ठरलेले नाही.